कार्यशाळा रद्द करण्याची किमान संख्या कशी ठरवायची, आणि लोकांनी पैसे भरण्याआधी ती कशी सांगायची?

चिकटपट्टी

आमचा हौसेने छपाई करणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. लिनोच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचे ठसे काढायची, म्हणजे लिनोकटची, दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची ठरतेय. शिकवायला एक कलाकार बाहेरून येणार आहेत. हॉल भाड्याचा, हातप्रेसही भाड्याचा. जागा १६. नोंदणी अजून उघडलेली नाही, आणि उघडण्याआधीच एक गोष्ट पक्की करायची आहे: कमीत कमी किती जण हवेत, आणि त्याहून कमी आले तर रद्द हे लोकांना कसं सांगायचं?

प्रत्येकाचे आकडे वेगळे असणार, म्हणून एका माणसाची फी १०० धरते आणि बाकी सगळं त्याच मापात लिहिते. कलाकारांचं मानधन ४००, हॉल २४०, प्रेसचं भाडं आणि ने-आण १००, पोस्टर आणि जाहिरात ६०. झाले ८००. शिवाय माणशी लिनोचा तुकडा, कागद, शाई आणि पैसे ऑनलाइन घेण्याचा आकार मिळून २० जातात. म्हणजे प्रत्येक नोंदणीमागे ८० हातात राहतात. ८०० भागिले ८०, उत्तर १०. तर दहापेक्षा कमी आले की रद्द, असं गटात सगळ्यांना वाटतंय.

माझ्या शंका दोन. दहा हा आकडा बरोबर आहे का? आणि आता मसुद्यात तळाशी ‘पुरेशी नोंदणी न झाल्यास कार्यशाळा रद्द करण्याचा हक्क आयोजक राखून ठेवत आहेत’ असं वाक्य आहे, तेवढं पुरेल का?

सरळ हिशेब

दहा बरोबर आहे. दहाच्या खाली तोटा, दहाला ना नफा ना तोटा. यात विचार करण्यासारखं काही नाही. फार तर ११ ठेवा, आयत्या वेळी काही खर्च निघतोच.

उशिरा आलो

आम्ही असं करतो: १६ भरल्या की पुढच्यांची प्रतीक्षायादी करतो आणि त्यांच्याकडून फीचा चौथा हिस्सा आगाऊ घेतो. नाहीतर यादीतली माणसं जागा रिकामी झाल्यावर फोनच उचलत नाहीत.

चिकटपट्टी

@उशिरा आलो, अहो, मी जास्त आले तर काय ते विचारत नाहीये, कमी आले तर काय ते विचारतेय. :) सोळा भरल्या तर तुमचा सल्ला आनंदाने घेईन.

जमाखर्च

चिकटपट्टीताई, दहा हा आकडा ‘फी बरोबर ठेवली आहे का’ या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘रद्द करायची का’ हा वेगळा प्रश्न आहे. त्याच्यासाठी एक माहिती हवी. त्या ८०० पैकी कोणते पैसे आधीच गेलेले असतील, आणि बाकीचे कोणत्या तारखेपर्यंत थांबवता येतात?

चिकटपट्टी

जाहिरातीचे ६० तर गेलेच. हॉलला १०० अनामत द्यायची आहे, ती कार्यशाळा रद्द झाली तर परत मिळत नाही. उरलेले १४० मात्र दहा दिवस आधी कळवलं तर द्यावे लागत नाहीत. त्यानंतर पूर्ण भाडं. कलाकारांशी बोलणं झालंय: दहा दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर काही देणं नाही, त्यानंतर अर्धं मानधन. प्रेसवाले आदल्या दिवशीपर्यंत काहीच धरत नाहीत.

जमाखर्च

छान, इतकं स्पष्ट फार कमी जणांकडे असतं. आता बघा.

समजा बारा दिवस आधी बसून निर्णय घेताय. त्या दिवशी ६० आणि १०० हे १६० बुडालेले आहेत. कार्यशाळा घ्या किंवा रद्द करा, ते परत येत नाहीत, म्हणून निर्णयातून ते वगळायचे. रद्द केल्याने वाचतात ते ८०० वजा १६०, म्हणजे ६४०. प्रत्येक माणूस ८० आणतो. ६४० भागिले ८०, आठ. आठ जण असतील तर दोन्हीकडे तोटा सारखाच, १६०. नऊ असतील तर कार्यशाळा घेतल्यास ८० चा तोटा, रद्द केल्यास १६० चा. म्हणजे नऊ जण असताना तुम्ही रद्द केलंत तर जादा तोटा सोसून वर नऊ माणसांना नाराज कराल.

थोडक्यात, तुम्ही दहा जाहीर केलेत आणि नऊ आले, तर तुम्हालाच कार्यशाळा घ्यावीशी वाटेल, आणि तुम्ही ती घ्याल. मग तो जाहीर केलेला दहाचा आकडा खरा नव्हताच. पुढच्या वेळी लोक तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवणार नाहीत. ज्याच्या खाली तुम्ही खरोखर रद्द कराल तोच आकडा लिहायचा.

आता निर्णय बारा दिवसांऐवजी तीन दिवस आधी घेतलात तर काय होतं ते बघा. हॉलचे २४० गेले, जाहिरात गेली, अर्धं मानधन २०० गेलं. रद्द करून वाचणार ते उरलेलं मानधन २०० आणि प्रेसचे १००, एकूण ३००. आता चार जण असले तरी कार्यशाळा घेणं परवडतं. खर्च तेच, फी तीच, पण आकडा आठवरून चारवर आला, कारण तारीख सरकली. म्हणून नुसता आकडा ठरवता येत नाही. आकडा आणि तारीख जोडीने ठरवायची आणि जोडीनेच सांगायची.

तारीख शोधायची सोपी रीत: ज्यांना पैसे द्यायचेत त्यांच्या ‘फुकट रद्द’च्या तारखांपैकी सगळ्यात आधीची घ्या आणि त्याच्या एक-दोन दिवस आधी थांबा. तुमच्याकडे दोन्ही तारखा दहा दिवसांच्या आहेत, म्हणून बारा. ते दोन दिवस फोन, मेल आणि हॉलवाल्याच्या साप्ताहिक सुट्टीसाठी. आणि लिनो, कागद, शाई यांची ऑर्डर मोजणी झाल्यावरच द्या. शाई टिकते, पण लिनो बराच काळ पडून राहिला की कडक आणि ठिसूळ होतो.

सरळ हिशेब

म्हणजे तोटा होणार हे माहीत असून कार्यशाळा घ्यायची? दर वेळी आठ जण आले तर गट दिवाळखोरीत जाईल की.

जमाखर्च

दर वेळी आठच येत असतील तर दोष फीमध्ये किंवा खर्चात आहे, तो पुढची कार्यशाळा आखताना सुधारायचा. नोंदणी घेऊन झाल्यावर, बारा दिवस आधी, तो सुधारता येत नाही. त्या दिवशी फक्त दोनच वाटा असतात आणि त्यातली कमी तोट्याची निवडायची असते.

पण तुमच्या म्हणण्यात एक खरं आहे. ज्यांचं यावर पोट आहे त्यांनी स्वतःचे दोन दिवसही हिशेबात धरायला हवेत, कारण रद्द केलं तर ते दोन दिवस दुसऱ्या कामाला मिळतात. समजा त्या दोन दिवसांची किंमत १६० आहे. मग वाचणारी रक्कम ६४० अधिक १६०, म्हणजे ८००, आणि आकडा पुन्हा दहा. तेव्हा तुमचा दहा चूक नाही, फक्त तो बुडालेल्या खर्चातून न येता मेहनतीच्या मोलातून यायला हवा. चिकटपट्टीताईंचा गट हौशी आहे, त्यांना ते दोन दिवस असेही छपाईतच घालवायचेत असं दिसतंय.

चिकटपट्टी

अगदी. आमच्यातल्या कुणालाच मोबदला नाही. मग आठ लिहू?

एक सांगायचं राहिलं. पहिल्या चार नोंदण्यांना २० टक्के सवलत द्यायची आहे.

जमाखर्च

मग आठ नाही. त्या चौघांची फी ८०, त्यातून सामानाचे २० गेले की माणशी ६०. चौघांचे २४०. ६४० मधले ४०० उरले, ते ८० च्या हिशेबाने पाच जण. चार आणि पाच, नऊ. लोक डोकी मोजतात, खर्च पैशांनी भागतो. सवलतीच्या जागा नेहमी आधी भरतात आणि शेवटी कमी पडतात त्या पूर्ण फीच्या जागा, म्हणून सवलत धरूनच आकडा काढायचा. गटातल्या कुणाला फुकट बसवणार असाल तर ते डोकं मोजायचंच नाही. उलट त्याच्या सामानाचे २० खर्चात धरा.

षड्ज

मी समूहगानाच्या कार्यशाळा घेते. आमचं गणित तुमच्यापेक्षा वेगळं. चार आवाजांचं गाणं बसवायचं तर प्रत्येक आवाजाला किमान तीन जण लागतात, नाहीतर एकटा पडलेला माणूस शेजारच्या ओळीत वाहून जातो. म्हणजे बारा. पैशांच्या हिशेबाने मला सात पुरतात, पण सात जणांत मी जे शिकवणार म्हणून सांगितलंय ते शिकवूच शकत नाही. तेव्हा दोन आकडे काढायचे, पैशांचा आणि शिकवण्याचा, आणि त्यातला मोठा तो जाहीर करायचा. आणि माझ्याकडे नुसते बारा असून भागत नाही, प्रत्येक आवाजात तीन हवेत. बारापैकी नऊ जणी वरच्या पट्टीच्या आल्या तर काय उपयोग? तेही मी आधी लिहिते.

लिनोकटला असं काही आहे का?

कोरणी

मी लिनो शिकवतो (ताईंचा पाहुणा तो मी नव्हे). खालच्या बाजूला काही अडचण नाही. तिघांनाही छान शिकवता येतं, उलट कोरताना प्रत्येकाचा हात बघता येतो. हत्यार कसं धरतो, दुसरा हात पात्याच्या समोर तर येत नाही ना, हे जवळ बसूनच दिसतं. अडचण वरच्या बाजूला आहे. एका प्रेसवर सोळा जण म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी रांग लागणार. तेव्हा इथे पैशांचाच आकडा चालेल.

अबोली

मला दुसऱ्या बाजूने सांगायचंय, पैसे भरणाऱ्याच्या. एका कार्यशाळेला मी फी भरली होती. चार दिवस आधी मेल आला की नोंदणी कमी म्हणून रद्द, तुमची फी पुढच्या सत्रासाठी जमा धरली आहे. पुढचं सत्र कधी, ते माहीत नाही. पैसे परत मागितले तर म्हणाले, नियमात ‘परतावा किंवा पर्यायी सत्र’ असं लिहिलंय आणि निवड आयोजकांची. खरंच तसं लिहिलेलं होतं, पण पैसे भरण्याच्या बटणाच्या खाली, वेगळ्या पानावर. रेल्वेचं तिकीट रद्द करण्यात कापले गेलेले पैसे वेगळेच.

त्यामुळे ते ‘हक्क राखून ठेवत आहेत’ वाक्य बघितलं की मी पान बंद करते. किती जण हवेत ते नाही, कधी कळणार ते नाही, पैशांचं काय ते नाही. हक्क तेवढा आहे.

तळटीप

अबोली म्हणतात त्या तीन गोष्टी सहलींच्या कायद्यात फार नीट मांडलेल्या आहेत. युरोपीय संघाचा पॅकेज सहलींबद्दलचा २०१५/२३०२ हा निर्देश बघा. किमान प्रवासी संख्या हवी असेल तर ती संख्या आणि रद्द करण्याची शेवटची मुदत ग्राहकाला करार होण्याआधीच सांगावी लागते. संख्या भरली नाही तर आयोजकाला नुकसानभरपाई न देता रद्द करता येतं, पण पूर्ण पैसे परत करून, आणि ठरलेल्या मुदतीत कळवून. ती मुदत सहा दिवसांहून लांब सहलीला निदान २० दिवस आधीची, दोन ते सहा दिवसांच्या सहलीला ७ दिवस आधीची, दोन दिवसांहून छोट्या सहलीला ४८ तास आधीची. पैसे १४ दिवसांच्या आत परत.

हा नियम सहलींचा आहे, साध्या कार्यशाळेला तो जसाच्या तसा लागत नाही, आणि तुमच्याकडचा ग्राहक कायदा काय म्हणतो ते तुम्हीच पाहायचं. पण माप म्हणून उपयोगी आहे. दोन दिवसांच्या कार्यक्रमाला बारा दिवस आधी कळवणं म्हणजे त्या मापापेक्षा लोकांना जास्तच सवड देणं आहे. राहण्याची सोयही तुम्हीच फीमध्ये देत असाल तर मात्र प्रकरण सहलीच्या जवळ जातं, तिथे जपून.

सरळ हिशेब

कायदा ठीक आहे. पण ‘किमान ९ आले तरच’ असं वरच लिहिलं की लोकांना वाटतं, यांच्याकडे कुणी फिरकत नाही. मग सगळेच थांबतात, आधी नऊ होऊ देत मग भरू. आणि कुणीच भरत नाही.

जमाखर्च

थांबतात, हे खरं. पण ते आकड्यामुळे थांबत नाहीत. ‘रद्द झाली तर पैसे अडकतील’ याची भीती असते म्हणून थांबतात. म्हणून आकड्याला लागूनच परताव्याचं वाक्य हवं, म्हणजे आधी भरणाऱ्याला गमवायला काही नाही हे त्याला तिथल्या तिथे दिसतं. किकस्टार्टर २००९ पासून याच तत्त्वावर चाललंय: ठरलेली रक्कम मुदतीत जमली तरच पैसे घेतले जातात, नाहीतर कुणाकडूनच नाही. लोक तिथे अर्धवट भरलेल्या प्रकल्पांनाही पैसे लावतातच.

उशिरा आलो

मग तसंच करा ना! आत्ता पैसे घेऊच नका. नुसतं ‘मी येणार’ लिहून घ्या, नऊ झाले की सगळ्यांना पैसे भरायची लिंक पाठवा. परताव्याची कटकटच नाही.

जमाखर्च

‘येणार’ म्हणणं फुकट असतं, म्हणून ते मोजता येत नाही. नऊ नावं जमतील, लिंक गेल्यावर पाच भरतील, बाकीचे ‘बघतो, सांगतो’ करतील आणि तुमचे ते दोन दिवस त्यातच जातील. कार्डावर रक्कम नुसती रोखून ठेवण्याची सोय काही ठिकाणी असते, पण ती रोख साधारण आठवड्याभरातच सुटते. नोंदणी दीड महिना उघडी ठेवायची तर ती पुरत नाही.

परताव्याची कटकट कमी करायची असेल तर दोन गोष्टी करा. बारा दिवस आधीच्या मोजणीपर्यंत जमलेल्या फीला हात लावू नका. हॉलची अनामत गटाच्या स्वतःच्या पैशांतून द्या. लोकांच्या फीतून अनामत दिली आणि मग रद्द झाली, तर परत द्यायला पैसेच नसतात, आणि ‘पुढच्या सत्रात जमा धरू’ हे वाक्य तिथूनच जन्माला येतं. दुसरं म्हणजे, परतावा देताना पैसे घेण्याचा आकार बऱ्याच सेवा परत देत नाहीत. फीच्या दोन-तीन टक्के. तो तुम्ही सोसायचा, आणि ‘कोणतीही कपात न करता’ हे शब्द लिहायचे. आठ जणांचा मिळून तो एका माणसाच्या फीच्या पाव हिश्शाहूनही कमी आहे.

अबोली

हे आवडलं. आणि आपणहून कुणी नाव मागे घेतलं तर? मी नवव्या क्रमांकावर आहे आणि मोजणीच्या दुपारी मला जमत नाही असं कळलं, तर माझ्यामुळे सगळ्यांची बुडणार?

जमाखर्च

चांगला प्रश्न. तुम्हाला फुकट माघार घेता येण्याची मुदत मोजणीच्या थोडी आधी संपवायची, समजा चौदा दिवस आधी. मग बारा दिवस आधी जो आकडा मोजतो तो टणक असतो. त्यानंतर माघार घ्यायची तर आपल्या जागी दुसऱ्याला पाठवावं. आणि एकदा ‘होणार’ म्हटल्यावर कुणी गळालं, आठ राहिले, सात राहिले, तरी संख्येच्या कारणाने रद्द करायची नाही. तोवर लोकांनी तिकिटं काढलेली असतात.

अबोली

पण मग ते मधले दोन दिवस मला माघार घेता येत नाही आणि तुम्हाला मात्र रद्द करता येतं. हे एकतर्फी नाही का?

जमाखर्च

आहे थोडं. मी ते दोन दिवस एका दिवसावर आणेन, त्याहून कमी करणं मला जमलेलं नाही. मोजणीच्या क्षणापर्यंत माघार खुली ठेवणारे आयोजकही आहेत, ते आकड्यात एकाची भर टाकून ठेवतात. तेही चालतं.

षड्ज

आणखी एक कलम लोक घालतात: ‘संख्या कमी असली तरी आयोजकांना योग्य वाटल्यास कार्यशाळा घेतली जाईल.’ आयोजकांना सोयीचं आहे, पण माझ्याकडे त्याचा अर्थ असा होतो की बारा आवाजांचे पैसे भरून माणूस सात जणांत गातो. हे कलम नकोच.

कोरणी

आमच्याकडे उलट. आठ जण असतील तर त्या आठांनाही कार्यशाळा व्हावी असंच वाटेल. त्यांचं नुकसान काहीच नाही. मी हे कलम ठेवेन.

सरळ हिशेब

सोपं आहे. आठ झाले तर नववी फी गटातल्या कुणीतरी भरायची. नऊ पूर्ण, कार्यशाळा चालू.

जमाखर्च

स्वतःची माणसं भरून आकडा गाठायचा म्हणजे खरं तर ‘आम्ही तोटा सोसून घेतोय’ एवढंच. मग तसं सरळ म्हणा. माझं मत षड्ज यांच्याकडे झुकतं, पण कारण वेगळं आहे. हे कलम असलं की आकडा पुन्हा ढिला होतो आणि बाहेरगावाहून येणाऱ्याला कशावर विसंबायचं ते कळत नाही. मधला मार्ग म्हणून सगळ्यांना विचारून ठरवायचं म्हटलं तर त्यातलाच एखादा ‘मग माझे परत द्या’ म्हणतो, आठाचे सात होतात आणि पुन्हा विचारायला बसावं लागतं. कोरणी यांचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. ज्या कार्यशाळेत कमी माणसं म्हणजे जास्त लक्ष, तिथे हे कलम लोकांच्या बाजूचंच आहे.

चिकटपट्टी

आम्ही ते कलम नाही घालत. गटात काल रात्री बोललो आणि हा मजकूर तयार केला. बघा:

‘ही कार्यशाळा किमान ९ जणांनी पैसे भरून नोंदणी केली तरच होईल. मोजणी कार्यशाळेच्या १२ दिवस आधी (इथे वार आणि तारीख) संध्याकाळी ६ वाजता होईल. ९ पेक्षा कमी नोंदण्या असतील तर कार्यशाळा रद्द होईल आणि तुमची संपूर्ण फी, कोणतीही कपात न करता, ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने ७ दिवसांत परत पाठवू. होणार की रद्द, हे त्याच रात्री ९ पर्यंत प्रत्येकाला मेल आणि मेसेज करून कळवू. तोपर्यंत प्रवासाचं किंवा मुक्कामाचं, पैसे परत न मिळणारं आरक्षण करू नका; तो खर्च आम्ही देऊ शकणार नाही. एकदा ‘होणार’ असं कळवल्यावर नंतर संख्या कमी झाली म्हणून कार्यशाळा रद्द करणार नाही. तुम्हाला स्वतःला माघार घ्यायची असेल तर १३ दिवस आधीपर्यंत पूर्ण फी परत मिळेल. त्यानंतर आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येईल.’

अबोली

हे वाचून मी पैसे भरेन. फक्त हे कुठे दिसणार? माझं सगळं दुःख त्याच जागेचं आहे.

चिकटपट्टी

फीच्या आकड्याखाली लगेच, पैसे भरण्याच्या बटणाच्या वर. पोस्टरवर जागा नाही, तिथे ‘किमान ९ नोंदण्या, निर्णय अमुक तारखेला, न झाल्यास पूर्ण परतावा’ एवढं एका ओळीत. आणि पावतीच्या मेलमध्ये पूर्ण मजकूर पुन्हा. ‘वाचलं आणि मान्य’ असा चौकोनही ठेवतोय.

तळटीप

चौकोन ठेवा, पण तो आधीच खूण केलेला नको. आणि कलाकार आजारी पडले तर काय, हे वेगळं वाक्य करा. ते या मजकुरात मिसळलं तर ‘एकदा होणार म्हटल्यावर रद्द नाही’ हे वचन नको तिथे ताणलं जाईल. तुम्ही ‘संख्या कमी झाली म्हणून’ हे शब्द घातलेत, ते बरं केलंत.

षड्ज

आतापर्यंत किती नोंदण्या झाल्या, ते पानावर दाखवणार का? मी दाखवत नाही. सुरुवातीचे दोन आठवडे ‘१२ पैकी २’ असं दिसलं की येणाराही मागे फिरतो.

जमाखर्च

मी दाखवतो. कुणी फोन करून विचारलं तर खरं सांगावंच लागतं, मग पानावर का नको? पण पहिले काही दिवस ते आकडे केविलवाणे दिसतात हे मान्य. निम्म्याच्या पुढे गेल्यावर दाखवायला सुरुवात करणारे आहेत, ते मला जरा चलाखीचं वाटतं. यावर माझं अजून पक्कं मत नाही.

सरळ हिशेब

मी तर दाखवणार नाही. दुकानदार गल्ला उघडा ठेवून बसतो का?

अबोली

मला दिसायला हवा. नऊ पैकी सात दिसले तर मी माझ्या दोन मैत्रिणींना ओढून आणेन.

कोरणी

ताई, शिकवणाऱ्याच्या बाजूने एक. तुमच्या पाहुण्यांना ‘९’ हा आकडा आणि मोजणीची वेळ सांगितली आहे का? दहा दिवसांची मुदत त्यांना माहीत आहे, पण तुम्ही बारा दिवस आधी ठरवणार हे माहीत नसेल तर ते ते दोन दिवस अडवून बसतील आणि दुसरं काम नाकारतील. मला एकदा रद्द झाल्याचं सहभागींच्या पोस्टवरून कळलं होतं. लोकांना मेल जाईल त्याच्या आधी त्यांना फोन जाऊ दे.

चिकटपट्टी

नाही सांगितलं अजून. आत्ताच हा मजकूर त्यांना पाठवते, आणि मोजणीच्या संध्याकाळी फोन करायचं काम गटात एकीच्या नावावर लिहून ठेवते. हॉलवाल्यांनाही तीच. नोंदणी सोमवारी उघडतोय.